पेटीत उरलेला बर्फ

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर शंभर किलो बांगडा घ्यायचा आणि पुण्यात नेऊन विकायचा. नवा व्यापारी कागदावर मांडतो ते असं: खरेदी किलोला 150 प्रमाणे 15,000 रुपये, बर्फ, हमाली आणि गाडीभाडं मिळून 2,500. विक्री 210 च्या भावानं 21,000. नफा 3,500. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, पण चूक नेहमीची आहे. घेतलेला प्रत्येक किलो पूर्ण भावानं विकला जाईल, असं त्यात धरलं आहे.

समजा, पुण्यात पेटी उघडल्यावर 8 किलो बांगडा टाकून द्यावा लागला आणि 12 किलो नरम पडल्यामुळे 100 च्या भावानं काढावा लागला. हाती येतात 18,000, नफा उरतो 500. फेकला 8 किलोच, पण नफ्याच्या सात वाट्यांपैकी सहा गेले.

हे नुकसान बहुधा बर्फातल्या काटकसरीतून येतं. 30 अंशांवरचा शंभर किलो बांगडा शून्याजवळ आणायलाच सुमारे 34 किलो बर्फ वितळतो. तेवढाच घातला, तर मासा थंड होतो खरा, पण पेटीच्या भिंतींतून वाटभर आत येणाऱ्या उष्णतेसाठी काहीच उरत नाही. म्हणून आपल्या हवेत किलोला किलो बर्फ हा ठोकताळा आहे. बर्फ चुरून, माशांच्या थराआड थर द्यावा आणि वितळलेलं पाणी बाहेर जाऊ द्यावं. त्या पाण्यात पडून राहिलेला मासा लवकर खराब होतो. शीतगाडी असली तरी बर्फ चुकत नाही. ती थंड माल थंड ठेवते. गरम माल पटकन गार करणं तिचं काम नव्हे.

बांगड्यात आणखी एक धोका आहे. तो उन्हात पडून राहिला, तर त्याच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही आणि खाणाऱ्याच्या अंगावर लाली, खाज उठू शकते. मासा नंतर बर्फात घातला म्हणून आधीचा उशीर भरून निघत नाही.

आता त्याच फेरीत 300 रुपये जादा बर्फावर घातले आणि त्यामुळे 2 किलोच फेकावा लागला, 4 किलो पडत्या भावानं गेला, असं धरू. विक्री होते 20,140 आणि नफा 2,340. म्हणजे तीनशे रुपयांनी 1,840 रुपये वाचवले.

म्हणून योजनेत ‘खराबी’ ही वेगळी ओळ हवी. फेकलेला आणि पडत्या भावानं गेलेला माल निरनिराळा लिहावा. पहिल्या दहा फेऱ्यांची सरासरी काढून मगच खरेदीचा भाव ठरवावा. आणि प्रत्येक वेळी पेटी उघडताच आधी बर्फ पाहावा: माशांवर तो शिल्लक असेल तर पुरला, नुसतं पाणी असेल तर कमी पडला.