चौथा मजला आणि शंभरचा बल्ब

जिना चढताना माणूस किती वॉटचा असतो, हे काढायला टेप, घड्याळ आणि वजनकाटा एवढंच पुरतं. लिफ्ट नसलेली एखादी चार मजली इमारत घ्या. दोन मजल्यांमध्ये नऊ-नऊ पायऱ्यांचे दोन टप्पे, म्हणजे तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत ७२ पायऱ्या. प्रत्येक पायरी साडेसोळा सेंटिमीटर उंच. गुणाकार केला की ११.८८ मीटर येतात. चढणाऱ्या बाईंचं वजन ६० किलो धरू.

पुढचं गणित नववीच्या विज्ञानातलं आहे. ६० किलोला गुरुत्व त्वरण ९.८ ने गुणलं की ५८८ न्यूटन. एवढ्या बलाविरुद्ध ११.८८ मीटर वर जायचं, म्हणजे जवळपास ७,००० ज्यूल कार्य. हा आकडा ठरलेला आहे. बाई दमत-थांबत चढल्या काय किंवा दोन-दोन पायऱ्या गाळत धावल्या काय, गुरुत्वाकर्षणाला द्यावे लागणारे ज्यूल तेवढेच. मधल्या चौकटीवर चार पावलं आडवी चालली तरी त्यांची या हिशेबात भर पडत नाही, कारण तिथे उंची वाढत नाही.

वॉट मात्र वेळेवर ठरतात. एका सेकंदात एक ज्यूल म्हणजे एक वॉट. बाई सत्तर सेकंदांत वर पोचल्या, तर ७,००० भागिले ७० म्हणजे १०० वॉट. एलईडी येण्यापूर्वी घराच्या मोठ्या खोलीत जो पिवळा बल्ब लावायचे, नेमका तोच. दुसऱ्या मजल्यावर शेजारणीशी दोन शब्द बोलून जवळपास दोन मिनिटं लावली, तर साठचा बल्ब. गुडघा धरून तीन मिनिटं लावली, तर चाळीसचा. कॉलेजातला त्याच वजनाचा मुलगा २८ सेकंदांत पळत वर गेला, तर २५० वॉट.

हे मोजताना दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली मजल्यांची. आपल्याकडे तळमजला सोडून मोजतात, म्हणून चौथा मजला म्हणजे चार मजल्यांची चढण. अमेरिकेत जमिनीलगतच्या मजल्यालाच पहिला म्हणतात, तिथला चौथा म्हणजे तीनच मजल्यांची. शिवाय खाली पार्किंग असेल तर तो मजला बाकीच्यांपेक्षा बुटका असू शकतो. म्हणून ‘एक मजला तीन मीटर’ असं गृहीत धरण्यापेक्षा पायरी मोजावी, आणि तीही मधली. सगळ्यात खालची पायरी फरशी बदलताना उंच-सखल झालेली असते. दुसरी चूक ओझ्याची. हातातली पिशवी, पाठीवरची सॅक, कडेवरचं मूल, सगळं वजनात धरायला हवं.

ओझ्याचा हिशेब सर्वांत स्पष्ट दिसतो तो गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन येणाऱ्या माणसात. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, साधारण १५-१६ किलो. म्हणजे भरलेला सिलिंडर अंदाजे ३० किलोचा. आणणारा ६० किलोचा असेल तर जिन्यावरून ९० किलो वर चढतात आणि कार्य होतं सुमारे १०,५०० ज्यूल. दीड मिनिटात तो दारात उभा राहिला, तर त्याची शक्ती ११६ वॉट. पण त्यातले सिलिंडरच्या वाट्याचे ज्यूल फक्त ३,५००. उरलेले दोन तृतीयांश त्याने स्वतःचं शरीर वर नेण्यात घातले. आणि अशा किती इमारती त्याच्या एका दिवसात येतात!

शंभर वॉट हा आकडा जिन्याच्या बाजूने मोजलेला आहे. शरीराच्या बाजूने मोजला तर तो चार-पाच पट होतो. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी अशा कामात स्नायू साधारण २० ते २५ टक्केच चढण्यासाठी वापरू शकतात. बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून जिन्यावर १०० वॉट देणाऱ्या बाईंचं शरीर आतून चारशे ते पाचशे वॉटने ऊर्जा खर्च करत असतं. तिसऱ्या मजल्यापाशी कपाळावर घाम येतो तो यामुळेच. स्वस्थ बसलेलं शरीरही काही बंद नसतं. तेव्हाही ते सुमारे ८० वॉट खर्चतच असतं.

धाप मात्र वर पोचल्यावर, किल्ली कुलपात घालताना जास्त जाणवते. चढायला सुरुवात होताच स्नायूंना ऊर्जा लगेच हवी असते, पण श्वास आणि हृदयाची गती वाढून जादा ऑक्सिजन पोचायला थोडा वेळ लागतो. तोवर स्नायू आपल्यात साठवलेल्या ऊर्जेवर भागवतात. ही उसनवारी दारात उभं राहून जोरजोरात श्वास घेत फेडली जाते. सत्तर सेकंदांची चढण तशी छोटीच, त्यामुळे तिच्यात उसन्याचा वाटा बराच मोठा.

अगदी थोड्या वेळासाठी माणूस किती वॉटपर्यंत जाऊ शकतो, हेही जिन्यावरच मोजलं गेलं. इटलीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ रोडोल्फो मार्गारिया यांनी १९६६ साली जिन्यावर धावण्याची चाचणी मांडली. तिच्या नंतरच्या सुधारित रूपात धावत येऊन तीन-तीन पायऱ्या एका ढांगेत घ्यायच्या आणि तिसऱ्या पायरीपासून नवव्या पायरीपर्यंतचा वेळ मोजायचा. ७० किलोचा खेळाडू अर्ध्या सेकंदात एक मीटर वर गेला, तर त्याची शक्ती भरते सुमारे १,३७० वॉट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट, तेव्हा हे जवळपास दोन घोडे झाले. पण अर्ध्या सेकंदापुरते. सोसायटीच्या टाकीत पाणी चढवणारा एक अश्वशक्तीचा पंप तेवढी शक्ती तासन् तास देतो. तेवढीच शक्ती देत आपल्या बाईंना चौथा मजला गाठायचा तर ७२ पायऱ्या साडेनऊ सेकंदांच्या आत संपवाव्या लागतील.

जास्त वेळ टिकणाऱ्या शक्तीचं उत्तम उदाहरण न्यू यॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमधल्या शर्यतीत सापडतं. ८६ मजले, १,५७६ पायऱ्या, ३२० मीटर उंची. ऑस्ट्रेलियाचा पॉल क्रेक २००३ मध्ये ९ मिनिटं ३३ सेकंदांत वर पोचला. दर किलोमागे ही शक्ती साडेपाच वॉटच्या आसपास येते. साठ किलोच्या माणसाला याच वेगाने चढायचं तर सुमारे ३३० वॉट, म्हणजे शंभरचे तीन बल्ब लावून वर आणखी थोडे, साडेनऊ मिनिटं सलग द्यावे लागतील.

शंभरचा बल्ब आता दुकानात फारसा दिसत नाही. साठच्या जुन्या बल्बएवढा उजेड नऊ वॉटचा एलईडी देतो. बाईंचे १०० वॉट काहीही वाया न जाता विजेत उतरले असते, तर असे अकरा एलईडी सत्तर सेकंद उजळले असते. मीटरवरचं एक युनिट भरायला मात्र ३६ लाख ज्यूल लागतात, म्हणजे त्यांना चौथा मजला पाचशेहून जास्त वेळा चढावा लागेल. प्रत्येक चढणीला शरीराचा खर्च सात-आठ किलोकॅलरी. एका मध्यम पोळीतून मिळणाऱ्या ८० ते १०० किलोकॅलरींत दहा-बारा खेपा होतात. आणि खाली उतरताना साठवलेल्या त्या ७,००० ज्यूलपैकी काही परत हाती लागत नाही. पायांचे स्नायू ताणले जात वेग आवरतात आणि ती सगळी ऊर्जा त्यांच्यात उष्णता होऊन जिरते.