चार ओळींतला अनुवादक

पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या एखाद्या अनुवाद संस्थेत सकाळी काम येते: औषधचाचणीचे बारा पानी संमतीपत्र, इंग्रजीतून मराठीत, पाच दिवसांत. काम वाटून देणारा प्रकल्प व्यवस्थापक प्रोझसारख्या अनुवादकांच्या ऑनलाइन बाजारात जातो, भाषा आणि विषय निवडतो, आणि समोर नावांची यादी येते. प्रत्येक नावापुढे परिचयाच्या तीन-चार ओळी असतात. तो सगळे परिचय शेवटपर्यंत वाचत बसत नाही. एखाद्या ओळीत खटकणारे काही दिसले की पुढच्या नावाकडे जातो. घरबसल्या अनुवाद करणाऱ्याला काम मिळणार की नाही, हे बरेचदा या ओळींवरच ठरते.

अशा बाजारात एक परिचय वारंवार दिसतो. त्याचा मराठी मथितार्थ असा: ‘इंग्रजी, मराठी, हिंदी, गुजराती, संस्कृत. सर्व विषय. शंभर टक्के अचूक. चोवीस तास उपलब्ध.’ लिहिणाऱ्याला वाटते, जाळे मोठे टाकले की मासे जास्त येतील. वाचणारा मात्र चारही वाक्यांवर अडतो. का अडतो, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, नाशिकच्या एका अनुवादिकेने हाच परिचय लिहिला आहे. तिची पदवी औषधनिर्माणशास्त्राची. नऊ वर्षे ती अनुवाद करते आहे, आणि त्यातले बहुतेक काम औषधचाचण्यांच्या कागदपत्रांचे आहे. म्हणजे सांगण्यासारखे तिच्याकडे भरपूर आहे. परिचयात नेमके तेच आलेले नाही.

पहिली ओळ भाषांची. या व्यवसायात नुसत्या भाषा मोजत नाहीत, भाषाजोडी मोजतात, आणि जोडीला दिशा असते. इंग्रजीतून मराठीत ही एक जोडी, मराठीतून इंग्रजीत ही दुसरी. बहुतेक संस्था आपल्या मातृभाषेत अनुवाद करणाराच शोधतात. परकी भाषा उत्तम कळणे वेगळे आणि ‘गोळी चुकली तर काय करायचे’ हे वाक्य गावातल्या आजीला कळेल असे लिहिता येणे वेगळे. पाच भाषा लिहिल्या की दहा-वीस दिशांचा दावा होतो, आणि तो कोणालाच खरा वाटत नाही. आपल्या अनुवादिकेची ओळ साधी हवी: ‘इंग्रजीतून मराठीत. मातृभाषा मराठी.’ हिंदीतून मराठीतही ती सराईतपणे काम करत असेल, तर ती जोडी वेगळी लिहावी. संस्कृत शाळेत शिकली असेल, तर ते इथे लिहायचे कारण नाही.

दुसरी ओळ विषयाची, आणि सर्वांत मोलाची हीच. ‘वैद्यकीय’ एवढा शब्दही अपुरा आहे. त्यात शस्त्रक्रियेच्या यंत्राची पुस्तिका येते, विम्याचा दावा येतो, आणि रुग्णाने भरायची प्रश्नावलीही येते. आपल्या अनुवादिकेचे काम संमतीपत्रांचे आहे. भारतात 2019 च्या नव्या औषध व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार चाचणीत सहभागी होणाऱ्याला त्याला समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत माहिती द्यावी लागते. म्हणूनच हे अनुवाद लागतात, आणि म्हणूनच त्यात चूक झाली तर ती महागात पडते.

विषयाची जाण कुठे दिसते, तर अशा ठिकाणी. इंग्रजी संमतीपत्रात ‘अ‍ॅडव्हर्स इव्हेंट’ असा शब्द येतो. नवखा अनुवादक सहज ‘दुष्परिणाम’ लिहून मोकळा होतो. पण दुष्परिणाम म्हटले की तो औषधामुळे झाला, असा अर्थ होतो. मूळ संज्ञेत असा निष्कर्ष नाही. चाचणीच्या काळात सहभागी व्यक्तीला झालेला कोणताही त्रास तिच्यात येतो, मग तो औषधामुळे असो वा नसो. म्हणून ‘प्रतिकूल घटना’ असे लिहून पुढे सोप्या शब्दांत अर्थ द्यावा लागतो. या कामात अनेकदा मराठी मजकूर दुसऱ्या अनुवादकाकडून पुन्हा इंग्रजीत करून घेतात आणि मूळ मजकुराशी ताडून पाहतात. याला उलट अनुवाद म्हणतात. तिथे ‘दुष्परिणाम’चा ‘साइड इफेक्ट’ होऊन परत येतो आणि चूक उघडी पडते. तेव्हा अनुवादिकेची दुसरी ओळ अशी: ‘औषधचाचण्यांची संमतीपत्रे आणि रुग्ण-प्रश्नावल्या, उलट अनुवादातील फरकांचे निराकरण.’ हे काम देणारा माणूस शेवटचे चार शब्द वाचून ओळखतो की ही त्या वाटेने गेलेली आहे. त्यापुढे ‘न्यायालयीन करार घेत नाही’ असेही लिहावे. काय करत नाही हे सांगणाऱ्याच्या बाकीच्या दाव्यांवर विश्वास बसतो.

तिसरी ओळ पात्रतेची. अनुवादसेवेसाठी आयएसओ 17100 हे 2015 चे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते पाळणाऱ्या संस्थेला अनुवादकाच्या पात्रतेचा पुरावा ठेवावा लागतो. अनुवादाची पदवी हवी, किंवा दुसऱ्या विषयाची पदवी आणि दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुवादाचा अनुभव, किंवा पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव. ‘बी.फार्म., 9 वर्षे पूर्णवेळ अनुवाद’ एवढे लिहिले की व्यवस्थापकाचा हा रकाना लगेच भरतो. त्याच मानकात दुसऱ्या व्यक्तीने मूळ मजकुराशी ताडून तपासणी करणेही बंधनकारक आहे. तज्ज्ञाच्या कामातही चूक राहू शकते, हे या व्यवसायाने गृहीत धरले आहे. म्हणूनच ‘शंभर टक्के अचूक’ हे वाक्य जाणकाराला अननुभवाची खूण वाटते.

चौथी ओळ भरवशाची. ‘मी वेळ पाळते’ असे कोणीही लिहील. त्याऐवजी आकडा द्यावा. काळजीपूर्वक केलेल्या अनुवादाचे दिवसाला साधारण 2000 शब्द होतात, असे या व्यवसायात धरून चालतात. हे शब्द मूळ भाषेतले की अनुवादातले, तेही सांगावे. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे इंग्रजीतल्या ‘इन माय ब्रदर्स हाउस’ या चार शब्दांचे ‘माझ्या भावाच्या घरात’ असे तीनच होतात. मोजणी वेगळी धरली तर तारीख आणि बिल दोन्ही चुकतात. म्हणून तिने लिहावे: ‘दिवसाला 2000 मूळ इंग्रजी शब्द. सोमवार ते शनिवार, भारतीय वेळेनुसार 9 ते 6. चौकशीला चार तासांत उत्तर. मजकूर युनिकोडमध्ये.’ जुन्या फॉन्टमधली मराठी दुसऱ्या संगणकावर विस्कटते, म्हणून ते शेवटचे वाक्य. चोवीस तास जागणाऱ्यापेक्षा सहाला काम थांबवणाऱ्या माणसाची तारीख खरी वाटते.

आता चारही ओळी तयार झाल्या, पण त्या पुरावा नाहीत. पुरावा बाहेरून यावा लागतो. प्रोझवर जुने ग्राहक ‘या अनुवादकाबरोबर पुन्हा काम करू’ अशी नोंद करू शकतात. अशा दोन-तीन नोंदी असतील, तर चार ओळींना वजन येते. कामाचा नमुना दाखवणे मात्र अवघड असते, कारण औषधचाचणीची कागदपत्रे गोपनीय असतात. ग्राहकाचे पान नमुना म्हणून टाकणारा अनुवादक उद्या आपलेही टाकेल, हे व्यवस्थापकाला कळते. त्यावर उपाय म्हणजे जाहीर उपलब्ध असलेल्या आरोग्यविषयक माहितीपत्रकातल्या एका परिच्छेदाचा स्वतः अनुवाद करून तो ठेवणे. पूर्ण बायोडाटा आणि प्रमाणपत्रांच्या प्रती मात्र सर्वांसाठी उघड्या ठेवू नयेत. अनुवादकांचे बायोडाटा उचलून त्यावर स्वतःचा ई-मेल घालणारे आणि त्यांच्या नावावर कामे मिळवणारे भामटे या बाजारात आहेत. मागणाऱ्या संस्थेची खात्री करून मगच ते द्यावेत.

परिचय लिहून झाला की त्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहावा: वाचणाऱ्याला हे तपासून पाहता येईल का? भाषाजोडी चाचणी-अनुवादाने तपासता येते, पदवी प्रमाणपत्राने, शब्दसंख्या पहिल्याच कामात. जे वाक्य असे तपासता येत नाही, ते खोडून टाकावे.