काचही दिसावी, पैठणीही दिसावी

एआयकडून दुकानाच्या शोकेसचं चित्र करून घेताना एक घोळ नेहमी होतो. प्रॉम्प्टमध्ये नुसतं ‘काचेत रस्त्याचं प्रतिबिंब’ असं लिहिलं, की काचेचा आरसा होऊन आतला माल दिसेनासा होतो. प्रतिबिंबाचा उल्लेखच टाळला, तर मध्ये काच आहे असं वाटतच नाही.

यावरचा उपाय प्रकाशात आहे. साधी काच समोरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ८ टक्के परत फेकते. त्यामुळे आत उजेड जास्त असेल तर माल दिसतो आणि बाहेर कडक ऊन असेल तर रस्ता. म्हणून प्रॉम्प्टमध्ये आधी उजेड सांगावा: ‘संध्याकाळची वेळ. शोकेसमध्ये पिवळसर दिव्यांचा भरपूर उजेड. पुतळ्यावर जांभळी पैठणी, पदरावरचे मोर स्पष्ट. समोरच्या दुकानांच्या दिव्यांचं फिकट प्रतिबिंब फक्त काचेच्या वरच्या भागात.’

चित्र आलं की पदर नीट पाहा. खऱ्या काचेत प्रतिबिंब गडद भागावर उठून दिसतं आणि उजळ जरीवर विरून जातं. जरीवरच ते ठळक उमटलं असेल, तर ‘प्रतिबिंब कमी करा’ एवढंच लिहून थांबू नका, शोकेसमधला उजेड वाढवायला सांगा.