सापशिडीचा डाव किती दानांचा?

सापशिडीचा डाव सरासरी किती दानांत संपेल, हे फासा हातात न घेताही सांगता येतं. कारण या खेळाला मागचं काहीच आठवत नाही. सोंगटी ४४व्या घरात शिडी चढून आली की रखडत आली, याच्याशी पुढच्या दानाला देणंघेणं नसतं. आत्ता ती कुठे आहे, एवढंच पुरतं. अशा प्रक्रियांचा अभ्यास विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी केला, म्हणून त्यांना मार्कोव्ह साखळी म्हणतात.

हिशेब असा: कुठल्याही घरातून उरलेली सरासरी दानं म्हणजे आत्ताचं एक दान, अधिक ते दान जिथे नेईल त्या सहा शक्यतांची सरासरी. आधी साप-शिड्या पुसून टाकू. नेमकं दान पडलं तरच १०० गाठायचं, जास्त पडलं तर सोंगटी जागीच, हा नियम ठेवू. ९९वर एकच हवा, म्हणजे सरासरी सहा दानं. ९८वर दुवा पडला तर सुटका, एक पडला तर ९९, बाकी चारही दानं वाया. समीकरण सोडवलं तर इथूनही सहाच! ९४पासून ९९पर्यंत सगळीकडे हेच. कुठेही असा, सुटकेचं दान एकच. तिथवर पोचायला सरासरी २७.३ दानं लागतात, म्हणून कोरा पट ३३.३ दानांचा.

आता अमेरिकेतल्या मिल्टन ब्रॅडली कंपनीचा पट घेऊ. त्यात नऊ शिड्या, दहा घसरगुंड्या (मुलांना भीती वाटू नये म्हणून साप नाहीत, आपण मात्र साप म्हणू). ९८वरचा साप ७८वर आणतो. म्हणजे ९७चं उत्तर ७८वर अवलंबून, आणि ७८चं पुन्हा पुढच्या घरांवर. शेवटाकडून एकेक घर सोडवत मागे येणं इथे चालत नाही. सोंगटी जिथे थांबू शकते अशा ८१ जागांची ८१ समीकरणं एकदम सोडवावी लागतात. संगणकाला क्षणाचंही काम नाही. उत्तर ३९.२. इतका उत्पात करूनही साप-शिड्या मिळून डाव जेमतेम सहा दानांनी लांबवतात!

ही अर्थात सरासरी आहे. नशीब जोरावर असेल तर सात दानांतही डाव संपतो, आणि लांबायला मर्यादा नाही. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर काढायची नाही, असा घरचा नियम लावला आणि ते दान फक्त सुरुवातीपुरतं धरलं, तर आणखी सहा वाढून ४५.२. सहावर जादा दान दिलं तर पाळ्या कमी होतात, पण एकूण दानं तेवढीच.

मला सर्वांत गंमत वाटते ती २८व्या घराची. तिथली शिडी थेट ८४वर नेते. २९वर पोचलेल्या गड्याची ती हुकलेली असते. २९वरून २७वर आणणारा एक नवा साप काढा, त्याला शिडीची पुन्हा संधी मिळते, आणि साप वाढवूनही डाव सरासरीने आखूड होतो.