वरची एक लाख साठ हजार माणसं

त्या वर्षी दिवाळी उरकल्यावर मी व्यवस्थापनापुढे जो अहवाल ठेवला, त्याच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : एकूण रीच 6,60,000. कंपनी मसाले आणि फराळाची, गिऱ्हाईक दोन तालुक्यांतलं. अकाउंट्सच्या साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाले, "दोन्ही तालुके मिळून लोकसंख्या पाच लाख. पाळण्यातली पोरं धरली, तरी वरची एक लाख साठ हजार माणसं कुठली हो?" पुण्या-मुंबईला गेलेली आपली माणसंही बघत असतील, असं काहीतरी मी पुटपुटले. साहेबांनी पान उलटलं. ते पुढे काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

आकडा मी मनाचा घातलेला नव्हता. फेसबुकच्या पेजचा रोजचा रीच मी एक्सेलमध्ये उतरवत होते. दिवसाला सरासरी 14,000, तीस दिवसांचे झाले 4,20,000. इन्स्टाग्रामवर महिन्यात सोळा पोस्ट केल्या होत्या, प्रत्येकीचा रीच पंधरा हजारांच्या आसपास. त्याची बेरीज 2,40,000. मग दोन्ही बेरजांची बेरीज. प्रत्येक आकडा खरा होता, फक्त त्यांची बेरीज खोटी होती.

रीच म्हणजे आपली पोस्ट किती वेगवेगळ्या अकाउंटना दिसली. इम्प्रेशन म्हणजे ती एकूण किती वेळा स्क्रीनवर आली. गणपती मंडळाच्या दारात वही घेऊन बसलेला कार्यकर्ता डोळ्यांसमोर आणा. शेजारच्या काकू दहाही दिवस आरतीला येतात. कार्यकर्ता रोज रात्री 'आज आलेली माणसं' म्हणून आकडा लिहितो आणि त्याचा रोजचा आकडा अगदी बरोबर असतो. विसर्जनाच्या दिवशी मात्र तो दहा आकडे मिळवून 'एवढ्या लोकांनी दर्शन घेतलं' असं जाहीर करतो, तेव्हा एका काकूंच्या दहा काकू होतात. फेऱ्या मिळवता येतात, माणसं मिळवता येत नाहीत. इम्प्रेशन म्हणजे फेऱ्या आणि रीच म्हणजे माणसं, निदान अकाउंटं. एकाच माणसाची दोन अकाउंटं असली तर तिथेही थोडी गडबड होतेच.

मग करायचं काय? रीचची बेरीज आपण करायचीच नाही, ती प्लॅटफॉर्मकडून घ्यायची. कोणी कितीदा पाहिलं हे त्यालाच ठाऊक असतं, त्यामुळे कालावधी महिन्याचा निवडला की पुनरुक्ती वगळलेला आकडा तो देतो. मी परत जाऊन तसा काढला. फेसबुकचा महिन्याचा रीच निघाला 1,31,000 आणि इन्स्टाग्रामचा 78,000. आता हे दोन मिळवायचे का? नाही. दोन्हीकडे असलेली माणसं किती, ते बाहेरून कळायला वाव नाही. सांगता येतं ते एवढंच, की इन्स्टाग्रामवरचे सगळेच्या सगळे फेसबुकवरही असतील तर एकूण 1,31,000, आणि एकही नसेल तर 2,09,000. खरा आकडा या दोहोंच्या मधे कुठेतरी. मी सांगितला होता साडेसहा लाख. (आणि या दोन लाखांतही दोन तालुक्यांबाहेरचे किती, हा साहेबांचा मूळ प्रश्न शिल्लकच होता. शहरवार फोड पाहिल्यावर बरेच निघाले.)

या चुकीत मी एकटी नव्हते, हे नंतर कळलं तेव्हा जरा धीर आला. नोव्हेंबर 2016 मध्ये खुद्द फेसबुकने कबूल केलं, की पेज इन्साइट्समधला सात आणि अठ्ठावीस दिवसांचा एकत्रित ऑरगॅनिक रीच त्यांनी रोजच्या आकड्यांची सरळ बेरीज करून दाखवला होता. म्हणजे काकूंचीच गोष्ट. मे महिन्यापासून तो आकडा तसाच चालला होता. दुरुस्ती केल्यावर सात दिवसांचा रीच सरासरी 33 टक्क्यांनी आणि अठ्ठावीस दिवसांचा 55 टक्क्यांनी खाली येईल, असं त्यांनीच सांगितलं. कालावधी जितका लांब, तितकी तीच ती माणसं पुन्हा पुन्हा मोजली जातात, म्हणून महिन्याचा आकडा आठवड्याच्या आकड्यापेक्षा जास्त फुगला होता. कोणाच्या अहवालातला रीच संशयास्पद वाटला, तर मी पहिल्यांदा हेच बघते : महिन्याचा रीच एका दिवसाच्या रीचच्या जवळजवळ तीसपट आहे का? असेल तर कोणीतरी बेरीज मारलेली आहे.

इम्प्रेशनची बेरीज चालते, म्हणून तो आकडा निर्धोक, असं मात्र नाही. आमच्या फेसबुक पेजची त्या महिन्यातली इम्प्रेशन्स होती 3,93,000. रीचने भागलं की 3. प्रत्येकाला सरासरी तीनदा दिसलं. जाहिरातवाले याला फ्रीक्वेन्सी म्हणतात आणि इम्प्रेशनचा खरा उपयोग हा भागाकार करण्यापुरता आहे, असं माझं मत. इम्प्रेशन्स वाढली आणि रीच जागेवरच राहिला, तर नवीन कोणी आलेलं नाही, जुन्यांनाच आपण जास्त वेळा दिसतोय. जाहिरातीवर पैसे चालू असतील, तर हे वेळेवर कळलेलं बरं.

'दिसलं' म्हणजे काय, हेही दर थोड्या वर्षांनी बदलतं. फेसबुक पेजचा ऑरगॅनिक रीच पूर्वी पोस्ट फीडमध्ये येऊन पडली की धरला जायचा. फेब्रुवारी 2018 पासून ती खरोखर स्क्रीनवर आली तरच धरू लागले, आणि पोस्टमध्ये काही बिघडलेलं नसताना पेजेसचा रीच उतरलेला दिसला. 2024 मध्ये इन्स्टाग्रामने 'व्ह्यूज' हा मुख्य आकडा केला. यूट्यूबने 31 मार्च 2025 पासून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की लगेच व्ह्यू धरायला सुरुवात केली, किमान किती सेकंद पाहिला ही अट ठेवली नाही. त्या एप्रिलमध्ये 'शॉर्ट्सचे व्ह्यूज वाढले' म्हणून शाबासकी घेतलेल्यांनी ती अर्धी तरी यूट्यूबला द्यायला हवी. माझ्या एक्सेलमध्ये आता एक जादा रकाना आहे. व्याख्या कधी बदलली त्याची तारीख त्यात असते, आणि त्या तारखेच्या अलीकडचे-पलीकडचे आकडे मी एका आलेखावर जोडत नाही.

सगळ्यात जास्त घोळ एन्गेजमेंट रेटचा. लाइक, कमेंट, शेअर, सेव्ह यांची बेरीज करायची आणि कशाने तरी भागायचं. त्या 'कशाने तरी'तच सगळं आहे. आमची उकडीच्या मोदकांची एक पोस्ट घेऊ. फॉलोअर 12,000, पोस्टचा रीच 20,000, इम्प्रेशन्स 32,000, एन्गेजमेंट 960. फॉलोअरनी भागलं तर दर 8 टक्के. रीचने भागलं तर 4.8. इम्प्रेशन्सनी भागलं तर 3. पोस्ट तीच, लाइक तेच. आम्ही एजन्सी बदलली तेव्हा नव्या एजन्सीने पहिल्याच महिन्यात दर जवळजवळ दुप्पट करून दाखवला होता. जुनी रीचने भागायची आणि नवी फॉलोअरनी, हे माझ्या लक्षात यायला दोन बैठका गेल्या.

भागाकारातल्या खालच्या आकड्याशी खेळ झाला की काय होतं, याचंही उदाहरण फेसबुकचंच आहे. व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो, हे काढताना त्यांनी तीन सेकंदांहून जास्त पाहणाऱ्यांनाच खाली धरलं होतं. लगेच पुढे सरकलेले लोक भागाकारातून गळाले आणि सरासरी फुगली. हे दोनेक वर्षं चाललं आणि 2016 च्या सप्टेंबरमध्ये बाहेर आलं. फुगवटा 60 ते 80 टक्क्यांचा असावा, असं एका मोठ्या जाहिरात समूहाला कळवण्यात आलं होतं. जाहिरातदार कोर्टात गेले, आणि 2019 मध्ये फेसबुकने चार कोटी डॉलरवर तडजोड केली.

दर रीचवरच काढायचा, असं ठरवलं तरी एक खाच राहते. गोडा मसाल्याच्या एका साध्या पोस्टचा रीच 2,000, एन्गेजमेंट 200, म्हणजे दर 10 टक्के. चकलीच्या रीलचा रीच 40,000, एन्गेजमेंट 1,200, दर 3 टक्के. दोन्ही दरांची सरासरी 6.5 टक्के येते आणि अहवालात बहुतेक वेळा तीच छापली जाते. पण एकूण 42,000 जणांतले 1,400 म्हणजे 3.3 टक्के. लहान पोस्ट नेहमीच्या प्रेमाच्या माणसांपुढे गेली होती, रील अनोळखी लोकांपुढे. अनोळखी लोकांत गेलं की दर पडणारच. म्हणजे जिने सहापट प्रतिसाद आणला, तीच दराच्या कोष्टकात नापास दिसते. पैसे देऊन बूस्ट केलेल्या पोस्टचंही असंच होतं, म्हणून ऑरगॅनिक आणि पेड या दोन ओळी मी वेगळ्या ठेवते. आणि 'तीन मैत्रिणींना टॅग करा, हँपर जिंका' छापाच्या पोस्टी हिशेबातून बाहेर काढून तळटीपेत टाकते. त्यातला प्रतिसाद हँपरला असतो, आपल्या चकलीला नव्हे.

आता व्यवस्थापनापुढे जाणारं पान उलटं सुरू होतं. सगळ्यात वर आमच्याच वहीत मोजलेलं : फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चौकशा, आणि ऑर्डर देताना सांगितलेला सवलतीचा कोड. त्याखाली वेबसाइटवर आलेली माणसं. प्रत्येक लिंकच्या शेपटीला `utm_source=facebook&utm_campaign=diwali` असं जोडलेलं असतं, म्हणून कोण कुठून आलं ते आमच्या बाजूला दिसतं. फेसबुक म्हणतं 900 क्लिक, आमच्याकडे पोचतात 610. काही जण पान उघडायच्या आत मागे फिरतात, काहींच्या फोनमध्ये नोंद अडवलेली असते. मी 610 लिहिते. तिसऱ्या ओळीत सेव्ह आणि शेअर, दरात न गुंडाळता, नुसती संख्या. त्याखाली प्रत्येक प्लॅटफॉर्मचा महिन्याचा रीच, वेगवेगळा, त्याखाली एन्गेजमेंट रेट, आणि शेजारी कंसात 'रीचवर, एकूण भागिले एकूण'. इम्प्रेशन्स सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरांत, विचारलं तर सांगायला.

पहिल्यांदा हे पान गेलं तेव्हा सगळ्यात वरच्या ओळीत आकडा होता 214 चौकशा. साडेसहा लाखांपुढे तो फारच केविलवाणा दिसत होता. अकाउंट्सच्या साहेबांनी चष्मा कपाळावर न सरकवता तो वाचला आणि विचारलं, "यातल्या रोखीच्या किती?"