बारा व्होल्टचे एकशेवीस का होत नाहीत?

बूस्ट कन्व्हर्टरमध्ये स्विच चालू असताना बॅटरी कॉइलमध्ये ऊर्जा भरते. स्विच बंद झाला की तीच ऊर्जा, बॅटरीच्या जोडीने, डायोडमधून आउटपुटकडे जाते. कॉइलमधला करंट कधीच शून्यावर येत नसेल तर पुस्तकातलं सूत्र असं:

Vo/Vin = 1/(1−D)

D म्हणजे प्रत्येक आवर्तनातला स्विच चालू असण्याचा वाटा. D ०.५ असेल तर व्होल्टेज दुप्पट, ०.९ असेल तर दहापट. पण या सूत्रात कॉइलच्या तारेला रोध नाही. खऱ्या तारेला असतो.

१२ व्होल्टची बॅटरी, १०० ओहमचा लोड आणि १ ओहम रोधाची कॉइल घ्या. बाकी सगळं आदर्श माना. D ०.५ असताना २४ ऐवजी सुमारे २३ व्होल्ट मिळतात. तक्रारीला जागा नाही. D ०.९ केला की १२० ऐवजी फक्त ६० मिळतात. लोडला ०.६ अँपिअर जातो, पण कॉइलमधून त्याच्या दहापट, म्हणजे ६ अँपिअर वाहतो. लोडला ३६ वॉट मिळतात आणि तेवढेच ३६ वॉट कॉइल तापवण्यात जातात.

हेच या सर्किटचं शिखर. D ०.९५ केला की व्होल्टेज ४८ पर्यंत उतरतं. व्होल्टेज कमी दिसलं की D वाढवणारा कंट्रोलर इथे फसतो: तो वाढवत राहतो, व्होल्टेज घसरत राहतं, कॉइल तापत जाते.

म्हणून D ला शिखराच्या बरंच अलीकडे मर्यादा घाला. दहापट व्होल्टेज हवं असेल तर ट्रान्सफॉर्मर असलेलं सर्किट निवडा.