गोळा फिरवायचा की त्याला पंख लावायचे?

भारतीय लष्कराच्या टी-९० रणगाड्यावरची १२५ मिलिमीटर तोफ आतून गुळगुळीत आहे. अर्जुन रणगाड्याच्या १२० मिलिमीटर तोफेच्या नळीत मात्र पेचदार खाचा आहेत. ही तोफ पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संस्थेने विकसित केली. एकाच लष्करात अशा दोन तऱ्हेच्या नळ्या का आहेत, हे गोळ्याच्या आकारावरून कळतं.

लांबट गोळ्यावर हवेचा दाब त्याच्या गुरुत्वमध्याच्या पुढे पडतो आणि गोळ्याला आडवा करू पाहतो. गोळा कलला की नाही, हे चाचणीत वाटेवर उभ्या केलेल्या पुठ्ठ्यावर दिसतं: सरळ गोळा गोल भोक पाडतो, कललेला लांबट.

यावर जुना उपाय म्हणजे गोळा भोवऱ्यासारखा फिरवणं. त्याच्याभोवतीचा तांब्याचा पट्टा नळीच्या खाचांत रुततो आणि गोळा गरगरत बाहेर पडतो. १५५ मिलिमीटरच्या तोफेत खाच साधारण ३.१ मीटरमध्ये एक वेढा पूर्ण करते. गोळा सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटला, तर तो सेकंदाला सुमारे २६० वेळा स्वतःभोवती फिरतो. उजवीकडे फिरणारा गोळा उजवीकडे थोडा सरकतोही, म्हणून तोफची नेम धरताना तेवढी दुरुस्ती करतात.

पण लांबी जाडीच्या पाच-सहा पटींपलीकडे गेली की फिरवून गोळा सरळ ठेवणं अवघड होतं. जाड चिलखत भेदायला लागते ती टंगस्टनच्या मिश्रधातूची सळई, जाडीच्या वीस पटींहूनही लांब. तिच्या शेपटाला पंख लावतात. त्यामुळे हवेचा दाब गुरुत्वमध्याच्या मागे पडतो आणि सळई कलली तरी पुन्हा सरळ होते. नळीतून जाताना तिला धरून ठेवणारं हलकं आवरण तोंडाबाहेर पडताच सुटं होतं. तिला फिरण्याची गरज नसल्यामुळे तिच्यासाठी गुळगुळीत नळी सोयीची.

अर्जुनही हीच सळई डागतो. तिच्या आवरणावरचा पट्टा घसरता असतो: खाचा पट्ट्याला फिरवतात, सळईपर्यंत त्यातली थोडीच फिरकी पोहोचते. एवढा खटाटोप करून खाचा ठेवल्या, त्या हेश गोळ्यासाठी. हा गोळा फिरूनच स्थिर राहतो. त्यातलं मऊ स्फोटक लक्ष्यावर थापलं जाऊन मग फुटतं. बंकर आणि भिंतींवर ते प्रभावी ठरतं. ब्रिटनच्या चॅलेंजर २ रणगाड्यावरची तोफही याच विचाराची होती. त्याच्या पुढच्या चॅलेंजर ३ साठी मात्र ब्रिटनने गुळगुळीत नळी निवडली.

तोफखान्यात अजून खाचांचंच राज्य आहे. तिथल्या गोळ्याला चिलखत भेदायचं नसतं, भरपूर स्फोटक दूरवर न्यायचं असतं, आणि त्याला आखूड, जाड गोळा पुरतो.